सहावीचा प्रवेश : तीन शाळा, एक पान

मूल पाचवीत गेले की घरात शाळांचे कागद जमायला लागतात. ताडकळस हे पूर्णा तालुक्यातले मोठे गाव. पण सहावीचा विषय निघाला की गावाबरोबरच परभणीकडे नजर जाते, पूर्णेकडे जाते, आणि हाताशी पैसा असेल तर नांदेडकडेही जाते. अशा वेळी पालकांच्या हाती साधारण दोन कागद येतात. एक म्हणजे खासगी इंग्रजी शाळेची गुळगुळीत, रंगीत पुस्तिका. दुसरा म्हणजे जवाहर नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेचे माहितीपत्रक. हे बहुतेक जण सेतू केंद्रावर किंवा मोबाइलवर उघडतात आणि फॉर्म भरण्यापुरतेच वाचतात. तिसरी शाळा गावातली, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित संस्थेची. तिचा कागदच नसतो. म्हणून तुलना सुरू होण्याआधीच ती मागे पडते.

या तिन्हींचा सारांश एका पानावर काढायचा असेल, तर पुस्तिकेतली वाक्ये आखूड करून काम भागत नाही. पुस्तिका बोलते महिन्याच्या हिशेबात आणि आपल्याला कळायला हवा असतो वर्षाचा. पुस्तिका बोलते शाळेबद्दल आणि आपला प्रश्न असतो सहावीच्या वर्गाबद्दल. सगळी माहिती एकाच मापात आणायची आणि पत्रकात जे लिहिलेलेच नाही ते ‘दिलेले नाही’ असे ठळक लिहायचे, एवढे जमले तर पानाचा उपयोग आहे. कोऱ्या जागाच बहुधा महागात पडतात.

सुरुवात फीपासून करू, कारण सगळे तिथूनच करतात.

समजा, एका खासगी शाळेच्या पुस्तिकेत लिहिले आहे : ‘वार्षिक शुल्क फक्त १८,००० रुपये, सुलभ हप्त्यांत.’ आकडे नमुन्याचे आहेत, पण मांडणी अशीच असते. चौकशीला गेल्यावर कळते की प्रवेश शुल्क ३,००० रुपये, एकदाच. अनामत २,००० रुपये, शाळा सोडताना परत. संगणक व वार्षिक उपक्रम २,५०० रुपये. पुस्तके-वह्यांचा संच ४,५०० रुपये. दोन गणवेश, खेळाचा एक वेगळा आणि बूट मिळून ३,२०० रुपये. गावातून शाळेची बस दरमहा १,४०० रुपये आणि ती अकरा महिने घेतली जाते, म्हणजे १५,४०० रुपये. बेरीज केली की पहिल्या वर्षाचा आकडा येतो ४८,६०० रुपये. पुस्तिकेतला ‘फक्त’ या बेरजेच्या चाळीस टक्केही भरत नाही, आणि बसचा खर्च शिक्षण शुल्काच्या जवळपास पोचला आहे. ताडकळसमधून बाहेरगावची शाळा निवडणाऱ्याने फीच्या आधी बसचे पैसे विचारावेत, असे मी म्हणतो ते यामुळेच.

एवढ्यावर थांबायचे नाही. सहावीत घातलेले मूल दहावीपर्यंत तिथेच राहावे अशी अपेक्षा असते, म्हणून हिशेबही पाच वर्षांचा हवा. दुसऱ्या वर्षापासून प्रवेश शुल्क आणि अनामत गळते, तेव्हा वर्षाला ४३,६०० रुपये. पाच वर्षांचे २,१८,००० रुपये, त्यात सुरुवातीचे प्रवेश शुल्क ३,००० रुपये, एकूण २,२१,००० रुपये. अनामत परत मिळेल असे धरले आहे आणि दर एक रुपयाही वाढणार नाही असेही धरले आहे. दुसरे गृहीतक खोटे ठरणारच. म्हणून सारांशात बेरजेखाली एक ओळ हवी : ‘मागच्या दोन वर्षांत फी किती वाढली?’ याचे उत्तर पुस्तिकेत नसते, पण त्याच शाळेत सातवी-आठवीत मूल असलेल्या पालकाकडे हमखास असते.

इथे कायदा पालकाच्या बाजूने आहे, फक्त तो कुणी पुस्तिकेत छापत नाही. महाराष्ट्रात शैक्षणिक संस्थांच्या शुल्काचे विनियमन करणारा २०११चा कायदा आहे. त्यानुसार शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो, त्याची कार्यकारी समिती असते आणि संस्थेने सुचवलेली फी या समितीपुढे मांडून मंजूर करून घ्यावी लागते. मंजूर झालेली फी सूचना फलकावर लावायची असते आणि ती दोन शैक्षणिक वर्षांसाठी बांधलेली असते. त्यामुळे कार्यालयात ‘फी किती?’ एवढेच विचारून परतू नये. ‘कार्यकारी समितीने मंजूर केलेला तक्ता कुठे लावलाय?’ असे विचारावे. प्रश्न शांतपणे विचारला तरी समोरच्याला कळते की विचारणारा माहिती काढून आला आहे. गणवेश आणि वह्या-पुस्तके ठराविक दुकानातूनच घ्या, अशी सक्ती शाळांनी करू नये, असे शासनाचे आदेश आहेत. तेव्हा वर धरलेल्या ४,५०० आणि ३,२०० या दोन आकड्यांपुढे ‘शाळेतूनच घ्यावे लागते का?’ हा प्रश्न लिहावा.

आता याच मापात नवोदय बसवून पाहा. शिक्षण, राहणे, जेवण, गणवेश, पाठ्यपुस्तके मोफत. नववी ते बारावी विद्यालय विकास निधी म्हणून दरमहा ६०० रुपये घेतले जातात. अनुसूचित जाती-जमातीचे विद्यार्थी, सर्व मुली, दिव्यांग आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील मुले यांना तो माफ आहे. सरकारी नोकरीतल्या पालकांसाठी आकारणीचा नियम वेगळा आहे. त्यांनी ते कलम स्वतः वाचलेले बरे. बाकीच्यांनी चार वर्षे बाराही महिने धरले तरी २८,८०० रुपयांच्या वर खर्च जात नाही. पण सारांशात ‘नवोदय : मोफत’ एवढेच लिहिले तर अर्धीच गोष्ट सांगितली. मुलाला सुट्टीत आणणे-पोचवणे, साबण-तेल, भेटीच्या दिवसाचा गाडीखर्च हे घरच्याच खिशातून जाते. रक्कम मोठी नसते, पण ‘शून्य’ लिहून ठेवलेल्या घराला ती खुपते.

गावातल्या शाळेचा रकाना आपणच भरायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीपर्यंत शिक्षण मोफत, पाठ्यपुस्तके मोफत, दुपारचा पोषण आहार शाळेत. अनुदानित शाळेतही आठवीपर्यंत पुस्तके आणि आहार मिळतो. गावातला वर्ग सातवी-आठवीला संपत असेल तर पुढे कुठे, हा प्रश्न त्याच रकान्यात हवा. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या ‘प्रशाला’, म्हणजे हायस्कुले, जुन्या आहेत. जवळची प्रशाला कोणती आणि तिथे दहावी आहे का ते पाहायचे. मुलगी असेल तर आणखी एक ओळ वाढते : ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास अहिल्यादेवी होळकर योजनेतून मोफत मिळतो. म्हणजे वर खासगी बससाठी धरलेले १५,४०० रुपये मुलीच्या बाबतीत, एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत असेल तर, शून्यावर येऊ शकतात. जुळत नसेल तर येत नाहीत. म्हणून पासाच्या ओळीशेजारी एसटीची वेळ लिहायची.

माध्यमाच्या रकान्यात आकडे नसतात, म्हणून तिथे फसगत सोपी. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात ‘सीबीएसई’ आणि त्याखाली बारीक अक्षरात ‘पॅटर्न’ असे लिहिलेले असते. या बारीक शब्दाचा अर्थ साधारण असा की पुस्तके तशी, वेळापत्रक तसे, पण शाळा त्या मंडळाशी संलग्न आहेच असे नाही. संलग्न शाळेला मंडळाचा संलग्नता क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. शिवाय संलग्न शाळांना फी, शिक्षक, इमारत, दहावीचा निकाल अशी सक्तीची माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. क्रमांक दिलेला नसेल तर एकच प्रश्न विचारावा : ‘दहावीचा फॉर्म कोणत्या मंडळाचा भरला जातो?’ राज्य मंडळाचा, असे उत्तर आले तर त्यात वाईट काही नाही. पण मग सारांशात ‘राज्य मंडळ, इंग्रजी माध्यम’ असे लिहायचे. मुखपृष्ठावरचा शब्द उतरवून घ्यायचा नाही.

त्याला जोडूनच मान्यता कितवीपर्यंत, हे विचारायचे. अनेक स्वयंअर्थसहाय्यित शाळा वरचे वर्ग वर्षागणिक जोडत जातात. आज सहावीला प्रवेश देणाऱ्या शाळेची मान्यता आठवीपर्यंतच असेल, तर नववीला दाखला घेऊन पुन्हा शाळा शोधायची वेळ येते, आणि आपला पाच वर्षांचा हिशेब तिथेच मोडतो. शाळेचा यू-डायस क्रमांक अकरा अंकी असतो. परभणी जिल्ह्यातल्या शाळेचा क्रमांक २७१७ ने सुरू होतो : २७ महाराष्ट्राचे, १७ जिल्ह्याचे. हा क्रमांक गावातल्या जिल्हा परिषद शाळेलाही असतो. त्यावरून `udiseplus.gov.in` वर शाळा कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, व्यवस्थापन कुणाचे, माध्यम कोणते, शिक्षक किती, ही माहिती पाहता येते. जिच्याकडे पुस्तिका नाही त्या शाळेची पुस्तिका हीच समजायची. ती शाळेनेच भरलेली असते, त्यामुळे शंभर टक्के भरवसा नको. पण तिन्ही शाळांना एकच नमुना लागू पडतो, आणि तुलनेला तोच हवा असतो.

‘सेमी’ हा शब्द गावातल्या शाळेच्या रकान्यात बहुधा येईल. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून, असे त्याचे सरळ रूप. मात्र काही ठिकाणी सेमीचे पुस्तक इंग्रजी आणि शिकवणे मराठी असे चालते. यातून मुलाला कळते, पण उत्तरपत्रिकेत लिहिता येत नाही. तपासायची रीत सोपी आहे : सातवीतल्या एखाद्या मुलाची गणिताची वही मागायची आणि शाब्दिक उदाहरणांची उत्तरे कुठल्या भाषेत लिहिली आहेत ते बघायचे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेसाठीही हीच वही चालते. खासगी शाळेबाबत आणखी एक : महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. पुस्तिकेतल्या विषयांच्या यादीत मराठी दिसली नाही तर तेही कोऱ्या जागेत लिहावे.

नवोदयचे माध्यम पालकांना बहुतेकदा चुकीचे माहीत असते. ‘तिथे सगळे इंग्रजीत’ असे गावात बोलले जाते. प्रत्यक्षात सातवी-आठवीपर्यंत माध्यम मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा, आणि त्यानंतर गणित-विज्ञान इंग्रजीतून, सामाजिक शास्त्रे हिंदीतून. मंडळ सीबीएसई. म्हणजे मराठीत शिकलेल्या मुलाला दोन-तीन वर्षांची उसंत मिळते. पण माहितीपत्रकात एक ओळ आहे ती मुलाच्या आईपर्यंत क्वचित पोचते : नववीत साधारण ३० टक्के मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातल्या नवोदयमध्ये पाठवले जाते. परभणी जिल्ह्यातले मूल त्या वर्षी हिंदी भाषक राज्यात असू शकते. कुणाला ही संधी वाटेल, कुणाला धसका. सारांश लिहिणाऱ्याने दोन्हीपैकी काही ठरवू नये, ओळ मात्र वर आणून ठेवावी.

सुविधांवर मी फार रेंगाळत नाही, कारण पुस्तिकेची अर्धी पाने तेवढ्यासाठीच असतात. ‘अत्याधुनिक डिजिटल वर्ग, सुसज्ज प्रयोगशाळा, भव्य क्रीडांगण’ या ओळीत विशेषणे तीन आहेत आणि माहिती एकही नाही. प्रत्येक सुविधेला दोन प्रश्न लावायचे : सहावीच्या वर्गाला आठवड्यातून किती तास? आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का? वेळापत्रकात प्रयोगशाळेचा तास नसेल तर ती प्रयोगशाळा फोटोपुरती. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी जे किमान सांगितले आहे, ते डिजिटल फळ्यापेक्षा कामाचे आहे : वर्गामागे किमान एक शिक्षक, विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या प्रत्येकासाठी शिक्षक, ३५ मुलांमागे एक शिक्षक, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, ग्रंथालय, खेळायला जागा. तिन्ही शाळांना ही एकच पट्टी लावली की चित्र बदलते. गावातल्या शाळेत पट कमी असतो आणि शिक्षकामागे मुले कमी येतात, पण गणित-विज्ञानाची जागा रिकामी असू शकते. खासगी शाळेत फळा चकचकीत असतो आणि वर्गात मुले पन्नासवर. रिकामी जागा आणि पन्नासचा आकडा, दोन्ही पुस्तिकेत सापडत नाहीत. दुपारच्या सुट्टीत शाळेत जाऊन बाके मोजली आणि स्वच्छतागृहाच्या नळाला पाणी आहे का ते पाहिले, की अर्ध्या तासात बरेच कळते. बसचेही तसेच : प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते, बसमध्ये मदतनीस आहे का आणि ताडकळसहून सकाळी किती वाजता निघते, हे सुविधांच्याच रकान्यात येते. सकाळी सहा वाजता निघून दुपारी तीनला परतणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलासाठी ‘भव्य क्रीडांगण’ कुठल्या वेळी उरते, तेही मग दिसते.

खरी गुंतागुंत प्रवेशाच्या टप्प्यांत आहे, आणि माझ्या मते सारांशाची सर्वांत जास्त जागा त्यालाच द्यायला हवी. फी चुकली तर पैसे जास्त जातात. तारीख चुकली तर दारच बंद होते.

नवोदयसाठी मूल पाचवीत असतानाच अर्ज करावा लागतो आणि ही परीक्षा एकदाच देता येते. २०२६च्या प्रवेशाचे उदाहरण घेऊ. अर्जाची पहिली मुदत २९ जुलै २०२५ होती, पुढे ती वाढवली गेली. परभणीसारख्या जिल्ह्यांसाठी परीक्षा १३ डिसेंबर २०२५ रोजी ठेवली होती. जन्मतारीख १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या दरम्यानची हवी होती. अर्जाला पैसे लागत नाहीत. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण : बौद्धिक चाचणीचे ४० प्रश्न ५० गुणांना, अंकगणित आणि भाषेचे वीस-वीस प्रश्न पंचवीस-पंचवीस गुणांना. मराठीतून देता येते. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात. मूल ज्या जिल्ह्यातले रहिवासी, त्याच जिल्ह्यात ते मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असायला हवे. घर ताडकळसला आणि पाचवी नांदेडला, अशी सोय केलेल्या कुटुंबाची वाट इथे अडते. नांदेड वेगळा जिल्हा आहे.

याहून मोठी अट ग्रामीण कोट्याची. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, म्हणजे ८० पैकी निदान ६०. ग्रामीण कोण, तर ज्याने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण केली तो. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत पटावर असेल, तरी मूल शहरी धरले जाते. घर कुठे आहे यावर हे ठरत नाही, शाळा कुठे आहे यावर ठरते. परभणीला महानगरपालिका आहे, पूर्णेला नगर परिषद. ताडकळसचे एखादे मूल तिसरीपासून परभणीच्या इंग्रजी शाळेत जात असेल, रोज संध्याकाळी गावातच परत येत असेल, बापाची शेती गावातच असेल, तरी नवोदयच्या लेखी ते शहरी. जिथे साठ जागांसाठी स्पर्धा करता आली असती, तिथे उरलेल्या जास्तीत जास्त वीस जागांसाठी शहरातल्या मुलांबरोबर उभे राहायचे. दुसरीतल्या मुलाच्या पालकासमोर ठेवलेल्या शहरी शाळेच्या कुठल्याही पुस्तिकेत हे वाक्य नसते, आणि असायचे कारणही नाही. पण दोन शाळांची तुलना करणाऱ्या पानावर ते नसेल तर ते पान अपुरे. नवोदयचा विचार पाचवीत सुरू होतो असे लोक धरतात. कागदावर तो तिसरीच्या प्रवेशाच्या दिवशी सुरू झालेला असतो.

यातली तिसरी गाठ तारखांची. नवोदयचा निकाल साधारण मार्चमध्ये येतो; २०२५चा २५ मार्चला लागला होता. त्यानंतर प्रतीक्षा यादी हलत राहते. खासगी शाळांचे प्रवेश मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू होतात, ‘जागा मर्यादित’ असे सांगून पैसे भरून घेतले जातात, आणि सीबीएसईच्या शाळेचे वर्ष एप्रिलला सुरू होते. गावातल्या शाळेचे वर्ष जूनच्या मध्यावर. आता वर धरलेल्या नमुन्यात फेब्रुवारीत प्रवेश शुल्क ३,०००, अनामत २,००० आणि पहिला हप्ता समजा ६,००० रुपये, असे ११,००० रुपये भरले, आणि मार्चअखेर नवोदयची यादी लागून त्यात नाव आले, तर त्यातले किती परत? पावतीमागे ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही’ असा शिक्का असतो आणि तो पैसे भरल्यावरच दिसतो. म्हणून सारांशात तिन्ही शाळांच्या तारखा वेगवेगळ्या रकान्यांत ठेवू नयेत. एकाच आडव्या रेषेवर, जुलै ते जून, अशा मांडाव्यात : अर्ज, परीक्षा, खासगीचा पहिला हप्ता, नवोदयचा निकाल, एप्रिलचे वर्ग, जूनचा पट. रेषा काढली की प्रश्न आपोआप समोर येतो : पहिला हप्ता निकालानंतर भरला तर चालेल का, आणि आधीच भरला तर परतीचा नियम लेखी मिळेल का?

कागदपत्रांत दोन ठिकाणी घोळ होतो. नवोदयमध्ये इतर मागासवर्गाचे आरक्षण केंद्राच्या यादीप्रमाणे असते आणि दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला लागतो. राज्याचा जातीचा दाखला फाईलमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहिलेल्यांची पडताळणीच्या वेळी तहसीलला धावपळ होते. हा दाखला डिसेंबरच्या परीक्षेनंतर, निकालाची वाट पाहता पाहता काढून ठेवावा. दुसरे म्हणजे मुलाचे नाव आणि जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरात, आधारवर आणि जन्मदाखल्यावर एकसारखी हवी. ‘पाटील’ एकीकडे आणि वडिलांचे आडनाव दुसरीकडे, असे असेल तर अर्जाआधी मुख्याध्यापकांकडे जायचे, निकालानंतर नाही.

खासगी शाळेच्या टप्प्यांत ‘प्रवेश चाचणी व पालकांची मुलाखत’ असे छापलेले आढळते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने आठवीपर्यंत प्रवेशासाठी अशी चाळणी लावायला मनाई केली आहे आणि पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. देणगी घेतली तर तिच्या दहा पटीपर्यंत. नवोदयसारख्या विशेष प्रवर्गातल्या शाळांची निवड परीक्षा यातून वेगळी काढलेली आहे. त्याच कायद्यातला २५ टक्के मोफत जागांचा मार्ग मात्र सहावीसाठी नाही. तो फक्त शाळेच्या प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला असतो, म्हणजे बालवर्ग किंवा पहिली. ‘आरटीईतून सहावीत बसवून देतो’ असे कुणी सांगत असेल तर तो खोटे बोलतो आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेत दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाला थांबवता येत नाही, हेही त्या कायद्यात आहे. एप्रिल-मेमध्ये दाखल्यासाठी चकरा मारणाऱ्यांना हे माहीत असावे.

एवढे सगळे गोळा झाल्यावर पान कसे दिसेल? शेतात राबून आलेला माणूस ओसरीवर बसून वाचू शकेल इतके. नमुन्याच्या खासगी शाळेच्या चार ओळी मी अशा लिहीन :

पैसे : पहिले वर्ष ४८,६००, पुढे वर्षाला ४३,६००, त्यातले बसचे १५,४००. मंजूर फीचा तक्ता पाहिलेला नाही. मागची वाढ माहीत नाही.

माध्यम : इंग्रजी, राज्य मंडळ. पुस्तिकेत ‘सीबीएसई पॅटर्न’. मान्यता आठवीपर्यंत, नववीचा प्रस्ताव दिला आहे असे तोंडी सांगितले.

सोयी : सहावीत ५२ मुले. विज्ञानाच्या शिक्षिका आहेत. प्रयोगशाळेचा तास वेळापत्रकात नाही. बस सकाळी ६:१०.

प्रवेश : फेब्रुवारीत ११,००० भरायचे. नवोदयच्या निकालाआधी. परतीचा नियम लेखी मागितला, अजून दिलेला नाही.

शेजारी नवोदय आणि गावातल्या शाळेच्या अशाच चार-चार ओळी. ‘तोंडी सांगितले’, ‘पाहिलेले नाही’, ‘अजून दिलेला नाही’ हे शब्द गाळायचे नाहीत. पुढच्या फेरीत नेमके काय विचारायचे त्याची तीच यादी असते. आणि तोंडी उत्तर मिळाले की त्यापुढे तारीख आणि सांगणाऱ्याचे पद लिहायचे, लिपिक की मुख्याध्यापक. जूनमध्ये बसचे भाडे बदलले तर बोलणे तिथूनच सुरू करता येते.